विश्लेषण : घर लहान, उन्हाळा कडक, फरशी संगमरवरी की व्हिट्रिफाइड?

पायाला गार वाटणारी फरशी घरही गार ठेवते का? जुन्या इमारतीत नवी फरशी बसवताना दुकानात न विचारला जाणारा प्रश्न वजनाचा असतो. तो का महत्त्वाचा?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नव्वदच्या दशकात बांधलेल्या इमारतींमधील वन रूम किचन आणि वन बीएचके घरांचे नूतनीकरण आता मोठ्या प्रमाणावर होत आहे. मूळची मोझॅक फरशी काळवंडलेली असते, कुठे तडे गेलेले असतात. मुलाचे लग्न किंवा शाळांची सुट्टी गाठून काम काढले जाते आणि घरात एकच चर्चा रंगते. घरातील ज्येष्ठांना संगमरवर हवा असतो, कारण ‘तो गार असतो’. तरुणांना व्हिट्रिफाइड टाइल हवी असते, कारण ती लवकर बसते आणि पुसायला सोपी असते. दोघांचेही काही अंशी खरे आहे. पण निर्णय ज्या मुद्द्यावर व्हायला हवा, तो या चर्चेत बहुतेकदा येतच नाही.

संगमरवर खरोखर गार असतो का?

एका खोलीत बराच वेळ असलेल्या सगळ्या वस्तूंचे तापमान जवळपास सारखेच होते. म्हणजे एकाच घरात शेजारी शेजारी संगमरवर, व्हिट्रिफाइड टाइल आणि लाकडी पाट ठेवला आणि थर्मामीटर लावला, तर तिन्ही ठिकाणी जवळपास तोच आकडा दिसेल. तरीही पाय ठेवल्यावर संगमरवर सर्वांत गार वाटतो. कारण आपला तळवा तापमान मोजत नाही. पायातली उष्णता किती वेगाने खेचली जाते, ते त्याला जाणवते. संगमरवर ही उष्णता व्हिट्रिफाइड टाइलपेक्षा अधिक वेगाने ओढून घेतो आणि लाकूड अगदी हळू.

हा फरक किती, याचे ढोबळ गणित करता येते. समजा तळव्याची त्वचा ३३ अंश सेल्सिअसला आहे आणि फरशी २९ अंशांना. पाय टेकताच जिथे दोन्ही पृष्ठभाग भेटतात, तिथले तापमान संगमरवरावर सुमारे ३०.३ अंश, व्हिट्रिफाइडवर सुमारे ३०.७ अंश आणि लाकडावर ३२ अंशांच्या आसपास येते. म्हणजे लाकूड आणि दगड यांतला फरक स्पष्ट जाणवेल, पण संगमरवर आणि व्हिट्रिफाइड यांच्यातला फरक अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. सकाळी अनवाणी चालताना तो कळतो, हे खरे. मात्र मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरील घरात फरशीच ३३-३४ अंशांवर जाते, तेव्हा पायातून फरशीकडे उष्णता जातच नाही. ज्या वेळी गारव्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी दोन्ही फरश्या सारख्याच वाटतात.

मग खोली तरी थंड राहते का?

फरशी म्हणजे स्लॅबवरचा पातळ थर. एका चौरस मीटरमध्ये पाच इंचांच्या आतबाहेरचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे ३०० किलोचा असतो, त्यावरचा सिमेंट-वाळूचा थर आणखी ८० किलोचा. त्याच एका चौरस मीटरमध्ये ९ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल २१ किलोची आणि १८ मिलिमीटर जाडीचा संगमरवर सुमारे ५० किलोचा भरतो. दिवसभराची उष्णता शोषून ठेवण्याचे काम मुख्यतः स्लॅब आणि भिंती करतात. वरची फरशी बदलल्याने या साठ्यात सात-आठ टक्क्यांचाच फरक पडतो. त्याने खोलीचे तापमान जाणवण्याइतके उतरत नाही.

जुन्या वाड्यांमध्ये किंवा गावच्या घरात फरशी गार लागते, त्याचे कारण वेगळे आहे. तिथे फरशी थेट जमिनीवर असते आणि जमीन वर्षभर बरीच स्थिर तापमानाला राहते. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फरशीखाली जमीन नसते, तिथे खालच्या शेजाऱ्याचा स्वयंपाक सुरू असतो. त्यामुळे गावच्या ओटीचा अनुभव इमारतीतल्या घराला लावता येत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांना मात्र हा फायदा काही प्रमाणात मिळतो. अर्थात पावसाच्या तोंडावर दमट हवा आत आली की तीच गार फरशी घामेजते, मग ती संगमरवरी असो वा व्हिट्रिफाइड.

उन्हाळ्याच्या दृष्टीने फरशीत एकच गोष्ट खरी परिणाम करते, ती म्हणजे रंग. पश्चिमेच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून दुपारनंतर थेट ऊन जिथे पडते, तिथे गडद फरशी चांगलीच तापते आणि संध्याकाळी ती उष्णता खोलीत सोडते. फिकट रंगाची फरशी ऊन बऱ्याच प्रमाणात परतवते. इथे दगड की टाइल हा प्रश्न गौण ठरतो. त्याहूनही मोठा उपाय म्हणजे ते ऊन आत येऊच न देणे, म्हणजे खिडकीबाहेर छज्जा किंवा पडदा. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचे चिनी मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग हा महागड्या फरशीपेक्षा अधिक उपयोगी खर्च आहे.

वजनाचा प्रश्न का विचारायचा?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील मंगलराघोनगर भागात सप्तशृंगी या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन थेट तळापर्यंत आला आणि सहा जणांचा बळी गेला. चौथ्या मजल्यावरील त्या घरात त्या वेळी फरशीचे काम सुरू होते. असा अपघात केवळ एका फरशीमुळे होतो, असे म्हणता येत नाही. निरोगी स्लॅब एवढ्याशा कामाने पडत नाही. पण आतून गंजलेल्या, गळतीने कमकुवत झालेल्या स्लॅबवर तोडफोडीचे हादरे आणि साहित्याचा भार एकाच वेळी येतो, हे जुन्या इमारतीतील प्रत्येक फरशीकामाचे वास्तव आहे.

निवासी इमारतीचा आराखडा करताना अभियंता साधारणपणे फरशी आणि तिच्याखालच्या थरासाठी दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास भार धरतो. माणसे, फर्निचर आणि घरातील इतर वस्तूंसाठी भारतीय मानकानुसार आणखी २०० किलो धरले जातात. हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब सोपा होतो.

उदाहरणार्थ, डोंबिवलीतील तिसऱ्या मजल्यावरचे एक वन बीएचके घर घेऊ. हॉल, स्वयंपाकघर आणि बेडरूम मिळून फरशीचे क्षेत्र ३२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर. मूळची मोझॅक फरशी एक इंच जाडीची आणि खाली दीड इंचाचा सिमेंट-वाळूचा थर. या जुन्या फरशीचेच वजन दर चौरस मीटरला सुमारे १४० किलो, म्हणजे पूर्ण घराचे ४.२ टन होते. फरशीसाठी धरलेला भार इथे आधीच संपलेला आहे.

आता पर्याय चार. जुनी फरशी न काढता तिच्यावरच चिकटवणाऱ्या मिश्रणाने व्हिट्रिफाइड टाइल बसवली, तर दर चौरस मीटरला २८ किलो वाढतात, पूर्ण घरात सुमारे ८५० किलो. जुन्या फरशीवरच सव्वा इंचाच्या मसाल्यात संगमरवर बसवला, तर ११० किलो वाढतात, पूर्ण घरात तब्बल ३.३ टन. जुनी फरशी पूर्ण काढून नव्या थरावर टाइल बसवली, तर एकूण भार सुमारे तीन टन होतो, म्हणजे पूर्वीपेक्षा टनभर कमी. आणि जुनी फरशी काढून संगमरवर बसवला, तर भार ३.९ टनांच्या आसपास, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच राहतो.

यातून दिसते की संगमरवर हा मुळात गुन्हेगार नाही. धोका आहे तो जुन्या फरशीवर संगमरवर चढवण्यात. ‘तोडफोडीचा खर्च वाचेल’ म्हणून हा सल्ला दिला जातो, पण त्या बचतीची किंमत स्लॅब मोजतो. वरच्यावर बसवायचेच असेल, तर ती मुभा फक्त पातळ टाइलला आहे आणि तीही स्लॅब तपासल्यावरच.

काम सुरू असताना भार कसा वाढतो?

अंतिम वजनापेक्षा कामाच्या दिवसांतला भार अनेकदा अधिक असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. वरच्याच उदाहरणात पाहू. दोन फूट बाय दोन फूट टाइलच्या एका खोक्यात चार नग येतात, त्यात १५.५ चौरस फूट भरतात. तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के धरून ३५२ चौरस फुटांना २३ खोकी लागतात. एका खोक्याचे वजन सुमारे ३० किलो, म्हणजे एकूण ६९० किलो. हमाल ही खोकी एका कोपऱ्यात उभी लावून जातात. ती जेमतेम अर्धा ते एक चौरस मीटर जागा घेतात. जिथे २०० किलोचा हिशेब धरला आहे, तिथे साडेतीन ते सातपट भार एकाच जागी येतो. संगमरवराच्या मोठ्या लाद्या एका भिंतीला टेकवून ठेवल्या, तर तोच आकडा दीड टनाच्या पुढे जातो. त्यात फोडलेल्या फरशीच्या डेब्रिजच्या गोण्या आणि गॅलरीत ओतलेली वाळू यांची भर पडते.

उपाय साधे आहेत. साहित्य एकदम न आणता खोलीनुसार आणावे. खोकी उभी न रचता आडवी ठेवावीत, एकावर एक दोनपेक्षा अधिक नको. ती खोलीच्या मध्यभागी किंवा गॅलरीत न ठेवता, ज्या भिंतींखाली बीम आहे त्यांच्या कडेने पसरावीत. डेब्रिज रोजच्या रोज खाली उतरवावे. तळमजल्यावर सिमेंट-वाळू कालवून घमेल्याने वर आणणे हमालीला महाग पडते, पण स्लॅबला स्वस्त पडते.

स्लॅब धड आहे, हे कसे कळते?

आपल्या फरशीखालचा स्लॅब आपल्याला दिसत नाही. तो दिसतो खालच्या शेजाऱ्याला, त्याचे छत म्हणून. स्लॅबच्या मधल्या भागात भार पेलणाऱ्या सळया खालच्या बाजूला असतात आणि गंज तिथेच आधी दिसतो. म्हणून काम ठरवण्यापूर्वी खालच्या घरात जाऊन छत पाहणे ही पहिली पायरी आहे. तांबूस डाग, सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, फुगलेले किंवा पडलेले प्लास्टर, ओल धरलेला बाथरूमखालचा भाग यांपैकी काही दिसले, तर फरशीचे काम थांबवून आधी संरचना अभियंत्याला दाखवावे. छतावर नुकताच रंग किंवा पीओपी झाले असेल, तर हे डाग झाकले गेलेले असू शकतात.

गॅलरीचे गणित उलटे आहे. बाहेर झेपावलेल्या गॅलरीत मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, म्हणजे अगदी फरशीच्या खाली. तिथली फरशी काढताना ब्रेकर खोल गेला, तर थेट या सळयांवर आघात होतो. या परिसरातील अनेक घरांत गॅलरी खोलीत घेतलेली आहे, त्यामुळे हॉल कुठे संपतो आणि गॅलरी कुठे सुरू होते, हे कारागिराला कळतही नाही. ती रेषा त्याला आधीच खडूने आखून द्यावी आणि त्या भागात फक्त छिन्नी-हातोडीने काम करायला सांगावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण अपेक्षित आहे. सोसायटीकडे लेखी परवानगी मागताना या परीक्षणाचा अहवाल पाहायला मागणे हा सदस्यासाठी सोपा मार्ग आहे. अहवालच नसेल किंवा त्यात दुरुस्ती सुचवलेली असेल, तर आधी स्लॅब, मग फरशी.

रोजच्या वापरात कोण टिकते?

संगमरवर हा मुळात चुनखडीच्या कुळातला दगड. आम्ल पडले की तो विरघळू लागतो. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, बाथरूम साफ करण्याचे ॲसिड यांपैकी काहीही सांडले आणि काही मिनिटे राहिले, तर तिथली चकाकी जाते. तो डाग नसतो, झीज असते. त्यामुळे कितीही घासले तरी ती जात नाही. पुन्हा पॉलिश हाच उपाय. दुसरे म्हणजे संगमरवर मऊ असतो. चपलेबरोबर येणारी वाळू त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण असते, म्हणून दारापाशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यापुढे तो लवकर निस्तेज होतो.

व्हिट्रिफाइड टाइल आम्लाला दाद देत नाही आणि मानकानुसार ती वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा अधिक पाणी शोषत नाही. पण सगळ्या व्हिट्रिफाइड टाइल सारख्या नसतात. वरून नक्षी छापून चकचकीत थर दिलेल्या टाइलवर ओरखडा पडला, तर खालचा वेगळा रंग दिसतो. डबल चार्ज प्रकारात रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वर्दळीच्या जागी ती अधिक टिकते. दुकानात टाइलची कड पाहिली की हा फरक लगेच कळतो. उणीव एकच, टाइल फुटली तर ती बदलावीच लागते आणि तीच छटा पुन्हा मिळत नाही. म्हणून एक खोके जपून ठेवावे. संगमरवर मात्र पुन्हा पॉलिश केला की नव्यासारखा होतो, ही त्याची खरी जमेची बाजू.

लहान घरात आणखी एक अडचण. संगमरवर बसवल्यावर जागेवरच यंत्राने अनेक हात घासून पॉलिश करावा लागतो. हे काम पाणी ओतून चालते. पांढरा चिखल सगळीकडे होतो, काही दिवस घर वापरता येत नाही आणि जुन्या बाथरूमच्या कडेतून ते पाणी खालच्या घरात उतरण्याची शक्यता असते. राहत्या घरात काम असेल, तर हा खर्च आणि त्रास आधीच धरावा. दर विचारतानाही दगडाचा दर न विचारता कापणीतील नासाडी, पांढरे सिमेंट, बसवणूक आणि पॉलिश धरून प्रति चौरस फूट तयार दर विचारावा. तेव्हाच टाइलशी तुलना खरी होते.

टाइल उचलली का जाते?

व्हिट्रिफाइड बसवलेल्या घरांतील नेहमीची तक्रार म्हणजे एक दिवस मोठा आवाज होतो आणि हॉलच्या मधोमध दोन टाइल तंबूसारख्या वर उचलल्या जातात. त्याचे कारण टाइलच्या गुणातच आहे. ती पाणी शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या पाण्याची पकड तिच्यावर नीट बसत नाही. त्यात एकसंध दिसावे म्हणून सांधे न सोडता टाइल एकमेकींना भिडवल्या, तर उन्हाळ्यात प्रसरणाला जागाच उरत नाही. तापलेली फरशी मग सर्वांत कमी पकड असलेल्या ठिकाणी वर येते.

म्हणून टाइलसाठीचे खास चिकट मिश्रण वापरावे. जुन्या फरशीवर बसवताना तर ते अनिवार्यच आहे. दातेरी थापीने मिश्रण पूर्ण पसरावे, टाइलच्या चार कोपऱ्यांवर गोळे ठेवून बसवू देऊ नये. दोन टाइलमध्ये किमान दोन मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली लपेल अशी मोकळी फट ठेवावी. जुन्या फरशीवरील मेण आणि तेलकटपणा काढून, सैल फरश्या आधी काढून टाकाव्यात. वरच्यावर बसवल्याने पातळी सुमारे दीड सेंटिमीटरने वाढते, त्यामुळे दारे खालून कापावी लागतील, हेही सुताराला आधी सांगावे.

तपासणी सोपी आहे. काम झाल्यावर दोन-तीन दिवसांनी लाकडी काठीने प्रत्येक टाइलच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर हलके ठोकावे. भरीव आवाज आला तर पकड बसली आहे, पोकळ वाजली तर खाली हवा आहे. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर खडूने खूण करून, सांधे भरण्याआधी आणि शेवटचा हप्ता देण्याआधी त्या बदलून घ्याव्यात.

निर्णय कसा घ्यावा?

इमारत नवी असेल, स्लॅब निरोगी असेल, जुनी फरशी पूर्ण काढणार असाल आणि दर काही वर्षांनी पॉलिशची तयारी असेल, तर हॉलमध्ये फिकट संगमरवर हरकत नाही. स्वयंपाकघरात तरीही टाइलच सोयीची आणि ओल्या जागी ती खरखरीत हवी. इमारत पंचवीस-तीस वर्षांची असेल, घर राहते असेल आणि फरशी वरच्यावर बसवायची असेल, तर फिकट रंगाची व्हिट्रिफाइड टाइल हाच व्यवहार्य पर्याय उरतो. गारव्यासाठी संगमरवर घेणाऱ्याला मिळतो तो सकाळच्या वेळचा अर्धा अंश. त्यासाठी स्लॅबवर तीन टन चढवायचे का, याचे उत्तर दुकानात मिळणार नाही. ते खालच्या शेजाऱ्याच्या छताकडे पाहून मिळेल.